वाढदिवसाचें छायाचित्र आणि त्याखालील ओळ

आपल्या सोनईच्या बाजारपेठेंत काय किंवा नेवासें-घोडेगांवकडे काय, चौकांत मान वर केली कीं एखाद्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स दृष्टीस पडतो. मधोमध उत्सवमूर्तीचें भलें मोठें छायाचित्र, डोळ्यांवर काळा चष्मा, खालीं शुभेच्छुकांच्या लहान लहान चेहऱ्यांची रांग, आणि या सर्वांवर चार-सहा भारदस्त विशेषणें. ह्या फलकाची एक सोय अशी आहे कीं, नांव आणि छायाचित्र बदललें तर तोच फलक दुसऱ्या दिवशीं दुसऱ्या कोणासाठींहि चालतो. हीच त्याची मोठी उणीवहि होय.

आतां चौकांतला हा फलक प्रत्येकाच्या खिशांत आला आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम किंवा व्हॉट्सॲप यांवर ज्याचें त्याचें स्वतःचें एक पान असतें. त्यावर घरच्या माणसाचें अथवा मित्राचें छायाचित्र लावावयाचें आणि खालीं एक ओळ लिहावयाची, हा आजचा नित्याचा प्रघात आहे. छायाचित्र निवडण्यास फारसा वेळ लागत नाहीं. अडतें तें त्या ओळीपाशीं. विनोद करावा कीं मनांतला जिव्हाळा सांगावा? विनोद केला तर माणूस दुखावेल काय, आणि जिव्हाळा सांगितला तर लोक हसतील काय? आमच्या पाहण्यांत असें आलें आहे कीं, ह्या प्रश्नाशीं पुष्कळ मुलें अर्धा-अर्धा तास घोटाळतात, आणि शेवटीं कंटाळून कोठून तरी आलेली तयार शुभेच्छा चिकटवून मोकळीं होतात. म्हणून ह्या लहानशा प्रश्नाचा जरा सावकाशीनें विचार करूं.

त्यासाठीं एक उदाहरण घेऊं. समजा, सोनईजवळच्या एखाद्या वस्तीवर राहणाऱ्या आजोबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस आहे. तारीख १ जून. ज्यांच्या घरीं साठीच्या पुढचीं माणसें आहेत, त्यांना ही तारीख वाचतांच हसूं आलें असेल. पूर्वी खेड्यापाड्यांतून मुलाच्या जन्माची तारीख कोणी लिहून ठेवीत नसे. पोर शाळेंत घालावयास नेलें, कीं गुरुजी त्याच्याकडे एकवार पाहत, वयाचा अंदाज करीत, आणि शाळेचें वर्ष जूनमध्यें सुरू होत असल्यामुळें हिशेबाला सोपी अशी १ जून ही तारीख पटावर मांडून टाकीत. पुढें दाखल्यावर तीच, नोकरींत तीच, आधार कार्डावरहि तीच. म्हणून महाराष्ट्रांत १ जून उजाडला, कीं हजारों आजोबांचे आणि आजींचे वाढदिवस एकाच दिवशीं येतात. आमचे हे आजोबा त्यांतलेच एक. खरा जन्म पेरणीच्या सुमाराचा, एवढेंच त्यांच्या आईला आठवत असे.

तर ह्या आजोबांसाठीं नातवंडांनीं केक आणला. मेणबत्त्या लावल्या. धाकट्या नातीनें त्यांच्या डोक्यावरची पांढरी टोपी काढून तेथें चकचकीत कागदाची निमुळती टोपी बसविली, आणि थोरल्या नातवानें नेमकें त्याच क्षणीं छायाचित्र टिपलें. चित्रांत आजोबा हातांत प्लास्टिकची सुरी धरून कांहींसे बावरलेले, कांहींसे सुखावलेले असे दिसत आहेत. हें छायाचित्र नातवाला आपल्या पानावर लावावयाचें आहे. ओळ काय लिहावी?

पहिली गोष्ट ही कीं, लेखणी उचलण्यापूर्वीं छायाचित्राकडे नीट पाहावें. छायाचित्र स्वतःच कांहीं बोलत असतें. तेंच ओळीनें पुन्हां बोलूं नये. हें चित्र मुळांतच हंसरें आहे. पंचाहत्तर वर्षांच्या शेतकऱ्याच्या डोक्यावर कागदाची टोपी, यापेक्षां अधिक विनोद तो कोणता करावयाचा? येथें टोपीवर शब्दांनीं आणखी विनोद केला तर तो दुहेरी होतो, आणि दुहेरी झालेला विनोद चेष्टा होऊन बसतो. उलट, आजोबा कोट घालून, खुर्चीवर ताठ बसून काढलेलें छायाचित्र असतें, तर चित्राचा ताठरपणा सैल करण्यास हलकी ओळ शोभली असती. सामान्यतः हंसऱ्या चित्राखालीं जिव्हाळ्याची ओळ आणि गंभीर चित्राखालीं हलकी ओळ उठून दिसते. हा कांहीं अढळ नियम नव्हे, तरी आरंभ करण्यास चांगला आहे.

नातवानें पहिल्या भरांत लिहिलें तें असें होतें: "आमचे म्हातारबा आज जोकर झाले!" त्याच्या मनांत कांहीं वाईट नव्हतें. तो घरांत आजोबांशीं असेंच बोलतो, आणि आजोबाहि हसतात. मग ह्या ओळींत वावगें काय?

वावगें असें कीं, घरांत बोललेल्या शब्दाबरोबर आवाज असतो, चेहरा असतो, खांद्यावर ठेवलेला हात असतो. कागदावर किंवा काचेवर उमटलेल्या शब्दाबरोबर यांपैकीं कांहींच जात नाहीं. नातवाचें हंसूं घरींच राहतें आणि "जोकर" हा शब्द तेवढा एकटा गांवांत फिरतो. तो आजोबांच्या व्याह्यांच्या घरीं जातो, भावकींत जातो, सोसायटीच्या सभेंत ज्यांच्याशीं त्यांचा वाद झाला होता त्यांच्याहि हातीं पडतो. घरांतील माणसांस जो शब्द लाडाचा, तोच बाहेरच्यांस अपमानाची परवानगी वाटतो. खालीं येणारे अभिप्राय पाहिले, कीं हें तत्काळ कळतें: पहिला नातेवाईक हसतो, दुसरा त्यांत भर घालतो, आणि तिसरा असें कांहीं लिहितो कीं जें नातवानें स्वतः कधींच लिहिलें नसतें. आजोबांना फोन वाचतां येत नसला तरी सायंकाळीं पारावर कोणीतरी त्यांना तें वाचून दाखवितोच.

आपल्या जुन्या नाट्यशास्त्रानें हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. ओठांच्या कडा किंचित् हलविणाऱ्या स्मितापासून आरंभ होतो आणि अंग गदगदविणाऱ्या अतिहसितापाशीं शेवट होतो. मधल्या पायरीवर उपहसित म्हणून एक प्रकार आहे. त्याचा तेथील अर्थ हसण्याच्या एका विशिष्ट ढंगापुरताच असला, तरी आपल्या बोलींत आलेल्या "उपहास" ह्या शब्दानें पुढें कोणतें वळण घेतलें, तें आपण जाणतोंच. वाढदिवसाच्या ओळीला पहिल्या दोन पायऱ्या पुरे आहेत. त्यापुढें गेलें, कीं हसणाऱ्यांची संख्या वाढते, पण ज्याचा वाढदिवस तो त्यांतून गळतो.

विनोद कशावर आहे, हें पाहण्याची एक सोपी परीक्षा आहे. ओळींतून त्या माणसाचें शरीर, रंग, वय, आजार, जात, शिक्षण किंवा पैसा हें काढून टाकावें आणि मग विनोद उरतो काय तें पाहावें. उरला नाहीं, तर तो विनोद त्याच्या उणिवेवर उभा होता असें समजावें. "जोकर" ही ओळ ह्या परीक्षेंत टिकत नाहीं. तींत वय आणि बावरलेपण यांखेरीज दुसरें कांहींच नाहीं. आतां दुसरी ओळ पाहा: "आमच्या आजोबांना दोन जन्मदाते: एक पणजी, दुसरे शाळेतले गुरुजी!" येथेंहि हंसूं येतें, पण तें हंसूं शाळेच्या पटावर आहे, त्या काळाच्या रीतीवर आहे, आजोबांवर नाहीं. शिवाय ज्यांच्या घरीं असाच १ जून आहे, ते सर्व त्यांत सामील होऊं शकतात. आजोबा स्वतःहि ही गोष्ट चारचौघांत हौसेनें सांगतात. जी गंमत माणूस आपल्याविषयीं आपल्या तोंडानें सांगतो, ती दुसऱ्यानें लिहिण्यास बहुधा हरकत नसते. मात्र जी तो एकांतांत, विश्वासानें सांगतो, ती लिहूं नये.

गांवाच्या ओळखीच्या गोष्टींतून असा निरुपद्रवी विनोद पुष्कळ मिळतो. शेजारचें शिंगणापूर घरांना दारें नसल्याबद्दल सगळीकडे प्रसिद्ध आहे. तेव्हां एखाद्या मुलीनें आईच्या वाढदिवशीं लिहिलें, कीं "शिंगणापूर इतकें जवळ, तरी आमच्या आईच्या लाडवांच्या डब्याला कुलूप!", तर आईहि हसेल आणि सोनईबाहेरच्या मावशीलाहि तें समजेल. (डब्याला कुलूप खरोखर असलें पाहिजे, हें मात्र पाहावें. खोट्या गोष्टीवरचा विनोद घरच्यांना पचत नाहीं.)

आतां दुसऱ्या बाजूकडे वळूं. नातवाच्या बहिणीला "जोकर" ही ओळ आवडली नाहीं. तिनें ती खोडून लिहिलें: "आमचा आधारवड, आमचे दैवत, मायेचा सागर, देवमाणूस आजोबांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा. आपणांस उदंड आयुष्य लाभो." हींत कोणाचा अपमान नाहीं. पण हींत आजोबाहि नाहींत. ही ओळ चौकांतल्या फ्लेक्सवरून उतरून घरांत आली आहे एवढेंच. येथें आजोबांच्या जागीं दुसऱ्या कोणाचेहि आजोबा बसविले तरी ओळींतला एक शब्दहि बदलावा लागत नाहीं, हीच तिच्या पोकळपणाची खूण. जिव्हाळ्याच्या ओळी फसतात त्या भावना अधिक झाल्यामुळें, असा एक समज आहे. आमचें मत निराळें आहे. त्या फसतात त्या माहिती थोडी झाल्यामुळें. लिहिणाऱ्याजवळ सांगण्यास विशेष कांहीं नसलें, किंवा असून तें आठवण्याचा त्रास त्यानें घेतला नाहीं, कीं ती रिकामी जागा विशेषणें भरून काढतात. वाचणारा तें ओळखतो आणि न वाचतां पुढें सरकतो.

ह्यावर उपाय एकच. विशेषण काढावें आणि त्याच्या जागीं त्या माणसाची एक कृति ठेवावी. "मायेचा सागर" म्हणण्याऐवजीं आजोबांनीं कोणत्या दिवशीं काय केलें, तें सांगावें. कृति लहान असली तरी चालते. किंबहुना लहानच बरी. बहिणीनें घरांत विचारलें तेव्हां आजीनें सांगितलें, कीं १९७२ च्या दुष्काळांत आजोबा विशीबाविशीचे होते आणि दोघेंहि दुष्काळी कामावर खडी फोडावयास जात असत. त्या वर्षीं आपल्या जिल्ह्यांत पावसानें पाठ फिरविली होती. हजारों शेतकरी रस्त्यांच्या व तलावांच्या कामांवर मजुरीला गेले, आणि सुकडीवर दिवस काढले गेले, हें घरोघरच्या वृद्धांना आठवतें. आजीनें आणखी एक गोष्ट सांगितली. छायाचित्र काढून झाल्यावर केकचा पहिला तुकडा आजोबांनीं नातवंडांना न देतां आजीपुढें धरला. "खा, हें सुकडीपेक्षां मऊ आहे," असें ते म्हणाले, आणि आजीनें पदर तोंडाला लावला. हा क्षण छायाचित्रांत नाहीं. तो एका मिनिटानें मागें राहिला. ओळीनें सांगावयाचें तें नेमकें हेंच.

येथें थोडें थांबून एक सावधगिरी सांगावीशी वाटते. दुष्काळांतली मजुरी हा कष्टाचा काळ आहे, पण सर्वांनाच तो चारचौघांत उघड केलेला आवडेल असें नाहीं. कित्येकांना त्याचा अभिमान असतो, कित्येकांना संकोच. म्हणून विनोदाला जशी परवानगी लागते, तशीच जिव्हाळ्यालाहि लागते. किंबहुना अधिक लागते. कारण विनोदानें दुखावलेला माणूस रागावून बोलूं तरी शकतो, परंतु कौतुकाच्या रूपानें आपलें दारिद्र्य, आजारपण किंवा घरांतलें दुःख गांवभर झालेलें पाहून संकोचलेला माणूस कोणाजवळ तक्रार करणार? नातवंडांनीं आजोबांना विचारलें. ते म्हणाले, "लिहा कीं. खडी फोडली, चोरी थोडीच केली!" असें उत्तर आलें नसतें, तर ती गोष्ट घरांतच ठेवावयास हवी होती.

मग विनोद कीं जिव्हाळा, हा मूळ प्रश्न कसा सुटला? तो अशा रीतीनें सुटला कीं, दोन्हीहि ठेविलीं. मात्र क्रम ठरवून. ह्या मिश्रणाचा मोठा धडा आपल्याच जिल्ह्यानें मराठी भाषेला दिलेला आहे. अहमदनगर येथें जिचें बरेंच आयुष्य गेलें त्या लक्ष्मीबाई टिळकांचें 'स्मृतिचित्रें' हें आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागांनीं प्रसिद्ध झालें. आपल्या वडिलांचें सोंवळ्याचें वेड, कवि नारायण वामन टिळकांचा तापटपणा, त्यांचें न सांगतां घरांतून निघून जाणें, खिशांतला पैसा वाटेंत भेटलेल्याला देऊन टाकणें, असे जे प्रसंग त्यांनीं सांगितले आहेत, ते प्रत्यक्ष सोसतांना हसण्यासारखे मुळींच नव्हते. तरी वाचतांना हंसूं येतें, आणि हसतां हसतां त्या बाईंचें टिळकांवरील प्रेम किती होतें तें कळतें. त्या टिळकांना कोठेंहि देवमाणूस म्हणून गंध-अक्षता लावीत बसत नाहींत. आणि त्यांच्या स्वभावाची थट्टा करतांनाहि त्यांना लहान करीत नाहींत. त्यांच्या लेखनांत विनोद हा जिव्हाळ्याला आंत घेऊन येणारा दरवाजा आहे. आमच्या शाळेंतील मुलांनीं हें पुस्तक ग्रंथालयांतून अवश्य काढून पाहावें; वाढदिवसाच्या दोन ओळी लिहिण्यासाठीं नव्हे, तरी त्या ओळीहि त्यानें सुधारतील.

ह्यावरूनच क्रम ठरतो. आधीं हंसूं, मागून जिव्हाळा. उलट केलें तर काय होतें तें पाहा. आजोबांच्या कष्टांविषयीं चार शब्द लिहून शेवटीं "बाकी टोपीत मात्र भारी दिसता हां!" असें लिहिलें, तर आधीं बोललेलें सर्व त्या शेवटच्या हसण्यानें पुसलें जातें, जणूं लिहिणाराच स्वतःच्या प्रेमाला लाजला आणि तोंड लपवून पळाला. मुलगे असें फार करतात. वाचणाऱ्याच्या मनांत शेवटचा शब्द राहतो, म्हणून मनांतली गोष्ट शेवटीं ठेवावी.

मात्र येथें यंत्राची एक खोड लक्षांत घ्यावी लागते. इन्स्टाग्रामवर छायाचित्राखालीं २,२०० अक्षरांपर्यंत मजकूर लिहितां येतो खरा, पण वाचणाऱ्याला पहिल्यांदा त्यांतला अगदीं आरंभच दिसतो. उरलेला "अधिक" ह्या शब्दामागें दडलेला असतो आणि त्यावर बोट ठेविलें तरच उघडतो. अर्थात् पुष्कळ लोक आरंभींचें तेवढेंच वाचून पुढें जातात. त्यामुळें पहिलें वाक्य एकटें वाचलें गेलें तरी त्यानें कोणाचा उपमर्द होतां कामा नये. "पुढें मीं चांगलें लिहिलें होतें" ही सबब येथें चालत नाहीं, कारण पुढचें कोणी उघडलेंच नाहीं. विनोद पहिल्या वाक्यांत ठेवावयाचा असेल तर तो निरुपद्रवीच हवा, याचें हें आणखी एक कारण.

शेवटीं नातवंडांनीं जें लिहिलें तें असें:

"आजोबांचा वाढदिवस १ जूनला कसा, हे पणजीलाही माहीत नव्हते, शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिला आणि तोच झाला. बहात्तरच्या दुष्काळात ज्या हातांनी आजीबरोबर खडी फोडली, त्याच हातांनी आज केक कापला. पहिला घास आजीला दिला. म्हणाले, खा, हे सुकडीपेक्षा मऊ आहे."

ह्यांत एकहि स्तुतीचा शब्द नाहीं, हें लक्षांत येईल. "शुभेच्छा" हा शब्दहि नाहीं, आणि त्यावांचून कांहीं अडलें नाहीं. कागदी टोपीचा उल्लेख नाहीं, कारण ती चित्रांत दिसतेच आहे. उलट वरच्या ओळी वाचून चित्राकडे पुन्हां पाहिलें, कीं त्या टोपीखालचा बावरलेला चेहरा निराळाच दिसूं लागतो. नातवानें शेवटीं "डोळ्यांत पाणी आले" असें जोडावयाचें ठरविलें होतें. बहिणीनें तें काढावयास लाविलें. तिचें बरोबर होतें. कोणाचे डोळे पाणावावे हें वाचणाऱ्यानें ठरवावें.

एक मात्र येथें कबूल केलें पाहिजे. सगळ्याच वाढदिवसांना इतकी सामग्री मिळत नाहीं. वर्गांतल्या मित्राचा तेरावा-चौदावा वाढदिवस असतो. त्याच्या आयुष्यांत अजून दुष्काळ नाहीं, खडी नाहीं, आणि त्याला "मित्रा, तुझ्यामुळें जीवनाला अर्थ आला" असें लिहिलें तर तो आठवडाभर शाळेंत तोंड दाखविणार नाहीं. तेथें विनोदच योग्य. पण मुलांमुलांतला विनोद बहुतेक वेळां टोपणनांवावर असतो, आणि तेथेंच घात होतो. जाड्या, काळ्या, ढापण्या, नापास, ह्या नांवांनीं हांक मारलेली तो मित्र मैदानावर चालवून घेतो. कारण तेथें तोहि दुसऱ्याला तशीच हांक मारूं शकतो, दोघे बरोबरीचे असतात. छायाचित्राखालीं लिहिलें, कीं ती बरोबरी मोडते. एकाला चाळीस जण हसतात आणि त्यानें उलट उत्तर दिलें तर "चिडला, चिडला" म्हणून आणखी हसतात. मित्र खरोखर हसला कीं नाहीं, हें ओळखण्याची खूण त्याच्या उत्तरांत असते. खरोखर आवडलें असेल तर तो कांहींतरी परत खोडी काढतो, जुनी आठवण सांगतो, उत्तर लांब असतें. नुसतीं जोडलेल्या हातांचीं चित्रें किंवा एक कोरडा "थँक्स" आला, आणि इतर लोक मात्र खालीं हसतच राहिले, तर त्याला तें लागलें असें समजून ओळ काढावी. तो येऊन सांगेल, याची वाट पाहूं नये. मुलगे असें सांगत नाहींत. ओळ मागाहून बदलतां येते. पण मध्यंतरीं कोणी तिचें चित्र काढून घेतलें असेल तर तें आपल्या हातांत राहत नाहीं, आणि फेसबुकवर तर केलेला बदल व पूर्वींचा मजकूर दोन्ही पाहतां येतात. म्हणून मित्राला आधीं खासगी दाखवून मग लावणें, हें दोन मिनिटांचें काम सर्वांत स्वस्त पडतें.

स्वतःच्या वाढदिवशीं स्वतःचें छायाचित्र लावावयाचें असेल, तर प्रश्न फार सोपा होतो. स्वतःवर केलेला विनोद कोणास लागत नाहीं आणि स्वतःविषयींचा जिव्हाळा बघतां बघतां आत्मस्तुति होतो. तेव्हां येथें हंसूं बरें. गहिंवर आलाच, तर तो आईवडिलांकडे वळवावा.

दिवसाचीहि मुदत पाहावी. व्हॉट्सॲपचें स्टेटस २४ तासांनीं आपोआप नाहींसें होतें. उडता विनोद तेथेंच शोभतो, कारण तो ज्या दिवसाचा त्या दिवसाबरोबर जातो. शिवाय तें कोणकोणाला दिसावें, हेंहि निवडतां येतें. परंतु फेसबुकच्या पानावर जें लाविलें तें राहतें, आणि दरवर्षीं त्याच तारखेस "आठवण" म्हणून पुन्हां डोळ्यांपुढें येतें. ह्या परत येण्याचा विचार लिहितांना कोणी करीत नाहीं. आज ज्या मित्रावर विनोद केला त्याच्याशीं दोन वर्षांनीं अबोला असेल; ज्या आजोबांच्या टोपीला हसलों ते कदाचित् नसतील. त्या सकाळीं फोन उघडल्यावर "म्हातारबा जोकर झाले" ही आपलीच ओळ आपल्यापुढें आली तर काय वाटेल? आणि केक, आजी, सुकडी ही ओळ आली तर?

आणखी एक गोष्ट राहिली. घरांत त्या वर्षीं मृत्यु झाला असेल, कर्जाची विवंचना असेल, किंवा कोणाचें मोठें आजारपण चालू असेल, तर चांगला निरुपद्रवी विनोदहि तेवढ्यापुरता बाजूस ठेवावा. दूरच्या नातेवाइकांना तें हंसूं पाहून "यांना कांहीं वाटतें कीं नाहीं" असें वाटूं शकतें, आणि घरांतल्या मोठ्या माणसांना त्यांचे प्रश्न ऐकून घ्यावे लागतात. अशा वर्षीं जिव्हाळ्याचीहि लांब ओळ नको. नांव, तारीख, आणि औक्षणाचें एखादें साधें छायाचित्र एवढें पुरतें.

राहतां राहिली ती वाचून दाखविण्याची परीक्षा. नातवंडांनीं ओळ लावण्यापूर्वीं ती ओट्यावर बसलेल्या आजोबांना मोठ्यानें वाचून दाखविली. गुरुजींच्या वाक्याला ते खदखदून हसले. पुढचें ऐकतांना गप्प झाले, आणि मग म्हणाले, "खडी एकट्यानें नव्हती फोडली. तुझी आजी माझ्यापेक्षां जास्त फोडायची. तें नीट लिही." नातवानें "आजीबरोबर" हा शब्द तेव्हां घातला.